‘मला येतं’, ‘मला जमतं’ आणि ‘मी करू शकतो’ : तिन्हींत फरक काय?

व्हॉट्सॲप ग्रुपवर रविवारच्या ट्रेकचा मेसेज पडतो. एक जण लिहितो, “मी येणार नाही.” दुसरा लिहितो, “मला यायला जमणार नाही.” ट्रेकला दोघंही जाणार नाहीत, तरी पहिल्याला “का रे, काय झालं?” असं विचारलं जातं आणि दुसऱ्याला “बरं, पुढच्या वेळी ये” असं उत्तर मिळतं. फरक पडला तो ‘जमणे’ या एका क्रियापदामुळं.

इंग्रजीत पोहायचं कौशल्य असो, रविवारी मोकळा वेळ असो किंवा कुणाची परवानगी असो, सगळीकडं ‘कॅन’ चालतं. मराठीत त्याच्या जवळचा शब्द आहे ‘शकणे’. पण रोजच्या बोलण्यात आपण तो कमीच वापरतो. “तू पोहू शकतोस का?” असं कुणी विचारलं तर वाक्य कळतं, पण कानाला जरा भाषांतरासारखं वाटतं. आपण सहज विचारतो, “तुला पोहता येतं का?”

आता यात गंमत अशी आहे की ‘येणे’ म्हणजे क्षमता नव्हे. बस येते, पाऊस येतो, पाहुणे येतात. मग क्षमतेचा अर्थ आला कुठून?

येणारी गोष्ट कोण?

“मला सायकल चालवता येते” हे वाक्य बघा. इथं ‘मी’ नाही, ‘मला’ आहे. म्हणजे माणूस वाक्याचा कर्ता म्हणून पुढं उभा नाही. ज्याच्यापर्यंत काहीतरी पोचतं, त्या जागी तो आहे. “मला भूक लागते”, “मला आठवतं”, “मला कळतं” या वाक्यांतही तो तिथंच असतो. भूक आपण लावून घेत नाही, ती लागते. तसंच कौशल्य आपल्याकडं येतं, आणि एकदा आलं की ते आपलं होतं.

याचा पुरावा क्रियापदातच सापडतो. “मी चालवू शकतो” आणि “मी चालवू शकते” यात बोलणारा पुरुष आहे की बाई हे कळतं. “मला सायकल चालवता येते” यात ते कळत नाही, कारण ‘येते’ हे रूप सायकलीप्रमाणं बदललंय. ट्रक असेल तर ‘चालवता येतो’, पोळ्या असतील तर ‘करता येतात’. आणि पोहण्यासारख्या क्रियेत जुळवून घ्यायला कुठलीच वस्तू नसली, की सरळ ‘पोहता येतं’. क्षमतेचा अर्थ कुठल्या एका शब्दात नाही. ‘मला’, ‘-ता’चं रूप आणि ‘येणे’ हे तिन्ही एकत्र आले की तो तयार होतो.

मोदकांचं उदाहरण घेऊ

गणपतीत उकडीचे मोदक करायला आजी, सून आणि नात अशा तिघी बसल्यात असं समजा.

सून म्हणते, “मला मोदक करता येतात.” म्हणजे उकड कशी काढायची, पारी कशी करायची, सारण किती भरायचं हे तिला माहीत आहे. आज तिनं एकही मोदक केला नाही, तरी हे वाक्य खरंच राहतं.

नात म्हणते, “मला मोदक करता येतात, पण कळ्या जमत नाहीत.” तिला कृती येते, पण कळ्या पाडताना पारी फाटते. ‘जमणे’चा मूळ वापर एकत्र येण्याचा आहे. गर्दी जमते, पैसे जमतात, लग्न जमतं. कळ्या जमतात तेव्हाही उकडीचा मऊपणा, पारीची जाडी आणि बोटांचा दाब हे सगळं एकाच वेळी जुळून आलेलं असतं. म्हणून ‘येतं’ हे माहीत असण्याबद्दल बोलतं आणि ‘जमतं’ हे नीट उतरण्याबद्दल.

आजी मात्र म्हणते, “मला आता मोदक करवत नाहीत.” तिला कौशल्य आहे, तिच्या कळ्याही सुबक यायच्या, पण आता हात साथ देत नाहीत. क्रियापदात ‘-अव’ घालून केलेलं हे रूप शरीराच्या किंवा मनाच्या ताकदीबद्दल बोलतं. ‘जिना चढवत नाही’, ‘ते दृश्य पाहवत नाही’ हीही तशीच रूपं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना हे ‘शक्य क्रियापद’ या नावानं ओळखीचं असेल.

आजीनं “मला मोदक येत नाहीत” म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. नातीनं “करवत नाहीत” म्हटलं असतं तर तिला बरं नाही की काय, असं वाटलं असतं.

‘येतं’ फक्त कौशल्यापुरतं नाही

“मला उद्या येता येणार नाही.” या वाक्यात ‘येणे’ दोनदा आहे. पहिलं खरोखरचं येणं, दुसरं शक्यतेचं. इथं कौशल्याचा प्रश्नच नाही, अडचण परिस्थितीची आहे. हिंदीत कौशल्यासाठी ‘मुझे तैरना आता है’ चालतं, पण उद्याच्या अडचणीसाठी ‘आना’ चालत नाही, तिथं ‘नहीं आ पाऊँगा’ म्हणावं लागतं. मराठीचं ‘येणे’ दोन्ही कामं करतं.

‘मला’ काढून टाकलं तर अर्थ आणखी सरकतो. “अर्ज ऑनलाइन करता येईल”, “इथं गाडी लावता येणार नाही.” आता कुणा एकाची क्षमता उरली नाही, नियम उरला. सरकारी सूचनांमध्ये ही रचना सारखी दिसते ती त्यामुळंच.

काळ बदलला तरी फरक पडतो. “मला बोलता येत होतं, पण मी बोललो नाही” हे चालतं. “मला बोलता आलं, पण मी बोललो नाही” हे मात्र खटकतं. कारण ‘आलं’ म्हटलं की ती गोष्ट प्रत्यक्षात झाली असा अर्थ होतो. ‘जमलं’चंही तसंच.

मग ‘शकतो’ कधी?

“संध्याकाळी पाऊस पडू शकतो” इथं दुसरा पर्याय नाही. ‘पावसाला पडता येतं’ म्हणायचं तर पावसाला कौशल्य आहे असं मानावं लागेल! निव्वळ शक्यता सांगायची असेल किंवा “मी आत येऊ शकतो का?” अशी परवानगी मागायची असेल, तिथं ‘शकणे’ शोभतं.

शेजारच्या गुजरातीत तर कौशल्यासाठी वेगळंच क्रियापद आहे. गुजराती माणूस ‘मने मराठी आवडे छे’ म्हणाला, तर त्याला मराठी आवडते असं समजून खूश होऊ नका. त्याला मराठी येते, एवढंच तो सांगतोय.

ऑफिसमध्येही हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. “मला हे येत नाही” म्हटलं की समोरचा शिकवायला बसतो. “आज जमणार नाही” म्हटलं की तो उद्याची वेळ विचारतो. आणि “मी हे करणार नाही” म्हटलं की तो कारण विचारतो. काम तिन्ही वेळा अडलेलंच असतं, पण दोष पहिल्यांदा शिकण्यावर जातो, दुसऱ्यांदा वेळेवर आणि तिसऱ्यांदा थेट तुमच्यावर.