स्कूटरच्या चार्जिंगसाठी सोसायटीला पत्र

ई-स्कूटरसाठी चार्जिंग पॉइंट मागणारं पत्र बहुतेकदा एकाच प्रश्नावर अडतं: वीजबिल कोण भरणार? म्हणून सचिवांना लिहिताना पर्यावरणाची महती बाजूला ठेवा आणि थेट लिहा: ‘माझ्या फ्लॅटच्या मीटरवरून, माझ्या खर्चाने, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून पाइपातून वायर टाकून पॉइंट बसवेन. त्याला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल.’ केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या वीजजोडणीवरून वाहन चार्ज करता येतं, हेही नमूद करा.

दुसरी शंका लोडची. साधारण ७५० वॅटचा चार्जर इस्त्रीएवढीच वीज खेचतो. ३ युनिटची बॅटरी पूर्ण भरायला साडेतीन युनिट धरा. महिन्यात बारा वेळा भरली तर ४२ युनिट. मीटर दूर असेल तर सामाईक लाइनवर सबमीटर लावून तेवढ्याचे पैसे भरायची तयारी दाखवा.

छताखालची जागा मात्र वेगळ्या अर्जात मागा. पार्किंगचं वाटप उपविधींप्रमाणे होतं, जागा कमी असल्या तर चिठ्ठ्याही निघतात. त्यात चार्जिंगची मागणी उगाच लटकते. कारण एका ओळीत पुरे: चार्जिंग चालू असताना प्लग पावसात भिजू नये.

दोन्ही अर्जांच्या प्रतींवर पोच घ्यायला विसरू नका.