जाहिरातीत काम दिसायला हवं
ज्युनिअर मोबाइल डेव्हलपर हवा असेल, तर छोट्या स्टार्टअपने जाहिरातीत खरं काम लिहावं. उदाहरणार्थ, ‘आमच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये फॉर्म अर्धा भरून फोन आडवा केला की लिहिलेलं पुसलं जातं, ते दुरुस्त करायचं आहे.’ फोन फिरवला की अँड्रॉइड सहसा तो स्क्रीन मोडून नव्याने उभा करतो, म्हणून माहिती `ViewModel` मध्ये ठेवतात. पण मेमरी कमी पडून फोनने मागे पडलेलं अ‍ॅपच बंद केलं, तर तेवढं पुरत नाही. नवख्याच्या हे सहसा लक्षात येत नाही. कोड तपासणारा अनुभवी सहकारी ते दाखवून देतो. म्हणून ‘शिकायला मिळेल’ एवढ्यावर थांबू नये. कोड कोण तपासणार, आठवड्यातून किती तास सोबत बसणार, तेही जाहिरातीत यावं. कंपनीत दुसरा मोबाइल डेव्हलपरच नसेल, तर ती जागा ज्युनिअरची नाही.