अकराशेचं पाकीट, सातशेचा मायक्रोवेव्ह

न्यू जर्सीत शिकायला गेलेल्या भाचीनं पहिल्याच महिन्यात रात्री फोन केला. इंडियन ग्रोसरीतून आणलेलं पालक पनीर आणि भाताचं गोठवलेलं पाकीट तिनं पाकिटावर लिहिल्याप्रमाणे गरम केलं होतं. "मावशी, कडेचा भात तोंड भाजेल इतका गरम आहे आणि मधलं पनीर दाताखाली करकरतंय," ती म्हणाली. मग तिनं तेच पाकीट आणखी चार मिनिटं फिरवलं. पनीर कसंबसं गरम झालं, पण कडेचा भात वाळून कडक झाला. पाकीट खराब निघालं असं तिला वाटत होतं.

पाकिटात काही दोष नव्हता. त्यावरच्या सूचनांच्या वर, अगदी बारीक अक्षरात, एक ओळ होती: या वेळा ११०० वॅटच्या मायक्रोवेव्हसाठी आहेत. भाचीच्या खोलीतला छोटा मायक्रोवेव्ह ७०० वॅटचा होता. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या खोल्यांमध्ये असे छोटे मायक्रोवेव्ह सर्रास दिसतात. आपल्याकडेही २० लिटरच्या साध्या सोलो मॉडेलची ताकद बहुधा ७०० किंवा ८०० वॅटच असते. पाकीट बनवणारी कंपनी मात्र सूचना एका ठरावीक ताकदीच्या यंत्रावर तपासून छापते. त्यामुळे आपलं यंत्र कमी ताकदीचं असेल तर छापलेल्या वेळा आपल्या उपयोगाच्या नसतात, त्या नव्यानं काढाव्या लागतात.

सगळ्यात आधी आपल्या यंत्राचा आकडा शोधायचा, आणि इथेच बरेच जण चुकतात. मायक्रोवेव्हच्या मागच्या किंवा दाराच्या आतल्या पट्टीवर वॅटचे दोन आकडे असतात. मोठा आकडा, म्हणजे १०५० किंवा ११५०, हा यंत्र भिंतीतल्या प्लगमधून किती वीज ओढतं त्याचा असतो. लहान आकड्यापुढे 'आउटपुट' असं लिहिलेलं असतं, आणि अन्नापर्यंत पोचते ती ताकद हीच. पाकिटावरचे ११०० वॅटही आउटपुटचेच असतात. भाचीनं आधी मोठा आकडा वाचला आणि "माझाही जवळजवळ अकराशेचाच आहे" असं सांगितलं. दुसऱ्यांदा पट्टी वाचायला लावली तेव्हा आउटपुट ७०० सापडलं.

त्यानंतरचा हिशेब शाळेतल्या व्यस्त प्रमाणाचाच आहे. चार मजूर जे काम एका दिवसात करतात, तेच दोन मजुरांना दोन दिवस लागतं. पाकिटावरचे वॅट भागिले आपले वॅट, हा आपला गुणक. ११०० भागिले ७०० म्हणजे १.५७, दीडपटीहून थोडं जास्त. भाचीच्या पाकिटावर पहिला टप्पा पूर्ण ताकदीवर चार मिनिटांचा होता, म्हणजे २४० सेकंद. २४० गुणिले १.५७ म्हणजे सुमारे ३७७ सेकंद, अर्थात सहा मिनिटं १७ सेकंद.

सेकंदांत हिशेब करा असं मी आवर्जून सांगते, त्याला कारण आहे. मिनिटांत केला की उत्तर ६.२९ येतं आणि माणूस ते सहा मिनिटं २९ सेकंद असं वाचतो. इथे फरक थोडा पडतो, पण उत्तर साडेपाच आलं की ५.५ चे पाच मिनिटं ५० सेकंद होतात. उलट बाजूची चूक याहून वाईट. बटणांवर ३७७ दाबलं तर बरीच यंत्रं त्याचा अर्थ तीन मिनिटं ७७ सेकंद असा घेतात आणि जेमतेम सव्वाचार मिनिटांत थांबतात. म्हणून हिशेब सेकंदांत करायचा आणि बटणं दाबण्याआधी त्याची मिनिटं-सेकंद करून घ्यायची.

दुसऱ्या टप्प्यात लिहिलं होतं: भाजी ढवळून ५० टक्के ताकदीवर दोन मिनिटं. इथे वेळ वाढवण्यापेक्षा सोपा मार्ग आहे. ११०० चे ५० टक्के म्हणजे ५५० वॅट. भाचीच्या यंत्राचे ८० टक्के म्हणजे ५६० वॅट. म्हणजे तिनं ताकद ८० वर ठेवायची आणि वेळ तीच, दोन मिनिटं. पाकिटावर जिथे अर्धी ताकद सांगितलेली असते, तिथे लहान यंत्राला ताकद वाढवून बरोबरी करता येते. पूर्ण ताकदीच्या टप्प्यात ती सोय नसते, कारण शंभराच्या वर जाता येत नाही. तिथे फक्त वेळ वाढतो.

पण पाकीट मुळात अर्धी ताकद का सांगतं? त्याचं उत्तर बर्फात आहे. मायक्रोवेव्हच्या लहरी पाण्याला झपाट्यानं तापवतात, बर्फाला फारच कमी. बर्फात पाण्याचे रेणू जागच्या जागी जखडलेले असतात, लहरींबरोबर हलायला त्यांना वाव नसतो. त्यामुळे पाकिटाची कड वितळून तिथे पाणी झालं की बहुतेक उष्णता ते पाणीच ओढून घेतं, आणि मधला गोळा गोठलेलाच राहतो. शिवाय या लहरी अन्नात साधारण दोन-तीन सेंटिमीटर आत जाईपर्यंत बऱ्याच क्षीण होतात. त्यापुढे मध्यापर्यंत उष्णता पोचते ती अन्नातून सरकत, आणि त्याला वेळ लागतो. साध्या यंत्रात अर्धी ताकद म्हणजे काही सेकंद पूर्ण चालू आणि काही सेकंद बंद. त्या बंद सेकंदांत कडेची उष्णता आत सरकते. लहान यंत्र मुळातच मंद असल्यामुळे हे सरकणं त्यात काहीसं आपोआप होतं. म्हणूनच ५० ऐवजी ८० टक्के ठेवलं तरी बिघडत नाही.

गरम झाल्यावर ते तसंच झाकून ठेवायचा जो एक मिनिट पाकिटावर लिहिलेला असतो, तोही याच कामासाठी असतो. लोक तो वाढायच्या आधीचा वेळ समजतात आणि भूक लागली की गाळतात. खरं तर यंत्र थांबल्यावरही शिजणं चालूच असतं. या वेळेला गुणक लावायचा नाही, पण तो कमीही करायचा नाही. मी भाचीला एकाऐवजी दोन मिनिटं थांबायला सांगितलं.

हे सगळं चवीपुरतंच असतं तर मी इतकी मागे लागले नसते. २००७ मध्ये अमेरिकेत टर्की आणि चिकनचं सारण भरलेल्या गोठवलेल्या पॉट पायमुळे साल्मोनेलाची साथ पसरली. देशभर सुमारे चारशे जणांची नोंद झाली. त्यातल्या बहुतेकांनी पाय मायक्रोवेव्हमध्येच गरम केले होते. वेष्टनावरच्या वेळा यंत्राच्या वॅटनुसार वेगवेगळ्या होत्या, आणि आजारी पडलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आपल्या यंत्राचे वॅट सांगता आले नाहीत. कच्च्या मांसाच्या किंवा पूर्ण न शिजवलेल्या पदार्थाच्या पाकिटावर 'गरम करा' असं नसून 'पूर्ण शिजवा' असं लिहिलेलं असतं. हा फरक आधी वाचायचा. मायक्रोवेव्ह वापरू नका असं किंवा अमुक वॅटच्या खाली वापरू नका असं लिहिलेलं असेल तर गुणक लावून त्यातून वाट काढू नये. तिथे ओव्हन किंवा कढईच.

हिशेब बरोबर आला की अन्न गरम झालंच असं नाही, ते तपासावं लागतं. वाफ दिसली, कडेला बुडबुडे आले, यावरून मध्याचं काही कळत नाही. अन्नात टोचायचा साधा थर्मामीटर घ्यावा आणि तीन ठिकाणी टोचावा, त्यातलं एक ठिकाण अगदी मध्य. अमेरिकेत गरम केलेल्या अन्नासाठी ७४ अंश सेल्सिअस, म्हणजे १६५ अंश फॅरनहाइट, हा आकडा सांगतात. भाचीनं पुढचं पाकीट सहा मिनिटं १७ सेकंद, मग ढवळून ८० टक्क्यांवर दोन मिनिटं, मग दोन मिनिटं झाकून, असं केलं. कडेला ८३ अंश, भातात ७९, पनीरच्या मध्यात ६८. मग तिनं पुन्हा चार मिनिटं नाही लावली. फक्त ३० सेकंद, परत ढवळून. मध्यात ७५ आले, आणि कडेचा भात मऊ राहिला.

मध्यात सहा अंश कमी का पडले? मंद तापणाऱ्या अन्नाला जास्त वेळ लागतो, आणि त्या वेळात ते थोडी उष्णता गमावतही असतं. यंत्र सलग चाललं की त्यातला मॅग्नेट्रॉन तापतो आणि ताकद थोडी उतरते. घरातलं व्होल्टेज पडलं तरी तेच होतं, आणि आपल्याकडे संध्याकाळी ते पडतंच. जुन्या यंत्राची खरी ताकद पट्टीवरच्या आकड्याहून कमी निघू शकते. शंका असेल तर मोजून पाहता येतं. प्लास्टिकच्या हलक्या, मायक्रोवेव्हला चालणाऱ्या भांड्यात बरोबर एक लिटर पाणी घ्या, ढवळून तापमान बघा. पूर्ण ताकदीवर दोन मिनिटं तापवा, लगेच पुन्हा ढवळून तापमान बघा. जितके अंश वाढले त्याला ३५ नं गुणा. पाणी २० वरून ३८ वर गेलं, तर १८ गुणिले ३५ म्हणजे ६३० वॅट. मग भाचीचा गुणक १.५७ राहत नाही, १.७५ होतो, आणि पहिल्या टप्प्याची चार मिनिटं सात होतात. काचेचं जाड भांडं घेतलं तर बरीच उष्णता काच पिते आणि आकडा कमी येतो.

एका पदार्थाला मात्र हा गुणक लावू नका, तो म्हणजे पॉपकॉर्न. दाणा फुटायला आतलं पाणी वाफ होऊन दाण्याचं तापमान १८० अंशांच्या आसपास जावं लागतं, तेही झटपट. सावकाश तापलं तर वाफ टरफलातून हळूहळू निसटते आणि दाणा न फुटताच राहतो. ७०० वॅटवर तळाशी काही दाणे जास्त उरणारच. त्यासाठी दीडपट वेळ दिलात तर ते फुटत नाहीत, आधी फुललेलेच करपतात. इथे घड्याळ सोडून कान द्यायचा. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंदांचं अंतर पडलं की यंत्र बंद.

भाचीनं मायक्रोवेव्हच्या दारावर कागदाची पट्टी चिकटवली: ११०० असेल तर १.५७, १००० असेल तर १.४३, ९०० असेल तर १.२९. सेमिस्टर संपल्यावर ती दुसऱ्या घरात गेली. तिथला मायक्रोवेव्ह १००० वॅटचा निघाला. नव्या पट्टीवर ११०० पुढे तिनं १.१ लिहिलं. १००० पुढे काही लिहावंच लागलं नाही, आणि ९०० पुढे लिहिलं ०.९.