माइल्सची एकच थैली

बपेऱ्याहून विमान दिसते ते आकाशातच. बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश लागतो, आणि विमानतळ गाठायचा तर तुमसर, भंडारा करत नागपूर. तरीही आमच्या भागातली किती घरे आज परदेशाशी जोडली गेली आहेत! कुणाचा मुलगा न्यू जर्सीत, कुणाची लेक सिंगापूरला. आईवडील दोन-तीन वर्षांतून एकदा जाऊन येतात. मी या मंडळींचे अर्ज भरून देतो, तिकिटांचे कागद लावून देतो. त्यामुळे त्यांच्या पाकिटातली एक गोष्ट वारंवार माझ्या हाती येते, ती म्हणजे विमान कंपन्यांची सभासद कार्डे. एकाच माणसाकडे तीन-चार असतात. प्रत्येकात थोडे माइल्स असतात आणि एकाही खात्यातल्या माइल्सवर तिकीट मिळत नाही.

या योजनेला इंग्रजीत फ्रीक्वेंट फ्लायर प्रोग्रॅम म्हणतात. आपण तिला सभासद योजना म्हणू. प्रवास केला की खात्यात माइल्स किंवा पॉइंट जमा होतात आणि पुरेसे साठले की त्यावर तिकीट किंवा वरच्या वर्गातली जागा मिळते. बहुतेकांची समजूत अशी, की ज्या कंपनीच्या विमानात बसलो तिच्याच खात्यात माइल्स जमा करावे लागतात. घोळ इथेच सुरू होतो. खरी गोष्ट अशी, की तिकिटावर ज्या योजनेचा सभासद क्रमांक घातलेला असतो, त्या योजनेत माइल्स जातात. विमान कंपनी निराळी असली तरी चालते, फक्त दोघींमध्ये भागीदारी हवी.

अशा भागीदारीचे तीन मोठे गट आहेत. स्टार अलायन्स १९९७ मध्ये पाच कंपन्यांनी सुरू केला. पुढे १९९९ मध्ये वनवर्ल्ड आणि २००० मध्ये स्कायटीम आले. आपल्या दृष्टीने महत्त्वाची तारीख म्हणजे ११ जुलै २०१४. त्या दिवशी एअर इंडिया स्टार अलायन्समध्ये गेली. लुफ्तान्सा, अमेरिकेची युनायटेड, सिंगापूर एअरलाइन्स, एअर कॅनडा, टर्किश या सगळ्या त्याच गटातल्या. म्हणजे यांपैकी कुठल्याही विमानात बसा, माइल्स तुम्ही निवडलेल्या एकाच खात्यात जाऊ शकतात. इंडिगो मात्र यांपैकी कुठल्याच गटात नाही. नागपूर-दिल्ली हा पहिला टप्पा इंडिगोने केलात तर तेवढे माइल्स या थैलीत पडणार नाहीत, हे आधीच धरून चालावे.

दुसरी समजूत याहून महागात पडते. गट एक आहे, तर सगळी खाती नंतर एकत्र करता येतील, असे लोकांना वाटते. तसे होत नाही. एका प्रवासाचे माइल्स एकाच योजनेत जमा होतात, आणि एकदा जमा झाले की शेजारच्या योजनेत हलवता येत नाहीत. हे बँकेसारखे नाही, की एका शाखेतून काढले आणि दुसरीत भरले. एकत्र करायचे ते विमानात बसण्यापूर्वी.

आमच्या शेजारच्या एका काका-काकूंचा हिशेब सांगतो. २०१९ च्या दिवाळीनंतर ते एअर इंडियाने नागपूर-दिल्ली-न्यूअर्क असे मुलाकडे गेले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये परतले. २०२२ मध्ये तुमसर रोडला विदर्भ एक्सप्रेस धरून मुंबई गाठली आणि तिथून लुफ्तान्साने फ्रँकफर्टमार्गे पुन्हा मुलाकडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने मुंबईहून लेकीकडे. तीन प्रवास, तीन कंपन्या आणि प्रत्येकीने मोठ्या प्रेमाने दिलेले एकेक कार्ड.

आता अंतर मोजू. पहिली फेरी जाऊन-येऊन सुमारे १५,६०० मैलांची, दुसरी सुमारे १५,८०० मैलांची, तिसरी सुमारे ४,८०० मैलांची. स्वस्त तिकिटावर पूर्ण अंतराचे माइल्स मिळत नाहीत. सोयीसाठी सरसकट निम्मे धरू. म्हणजे माणशी ७,८००, ७,९०० आणि २,४००. एका खात्यात असते तर माणशी १८,१०० आणि दोघांचे मिळून ३६,२००. प्रत्यक्षात पहिल्या दोन खात्यांतले मुदत संपून गेले आणि सिंगापूरचे तेवढे आज जिवंत आहेत.

आता प्रश्न उरतो, की कोणती योजना निवडायची. लोक सवयीने आपल्या देशाची कंपनी निवडतात, किंवा जिचे विमान आवडले ती. माझ्या मते वर्षा-दोन वर्षांतून एकदा उडणाऱ्याने आधी मुदतीचा नियम पाहावा. बाकी सगळे नंतर.

मुदतीचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला ठाम मुदतीचा. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये माइल्स मिळाल्यापासून तीन वर्षांनी जातात. मधे तुम्ही कितीही उडा, जुने माइल्स जुन्या तारखेलाच मरतात. विचार करा, दर दोन वर्षांनी प्रवास करणाऱ्याच्या खात्यात अशा नियमाने एका वेळी फार तर दोन प्रवासांचे माइल्स जिवंत राहतील. तिसरा येईपर्यंत पहिला गेलेला असतो. तो आयुष्यभर साठवत राहिला तरी साठा वाढायचा नाही. वर्षातून चारदा सिंगापूरला जाणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हीच योजना उत्तम.

दुसरा प्रकार हालचालीवर चालणारा. एअर कॅनडाच्या एरोप्लॅनमध्ये १८ महिने खात्यात काहीच घडले नाही तर सगळे माइल्स जातात. अमेरिकन एअरलाइन्सच्या योजनेत हीच मुदत २४ महिन्यांची आहे. ती कंपनी वनवर्ल्ड गटातली. इथे एखादी छोटी जमा, अगदी भागीदार हॉटेलच्या मुक्कामाची का असेना, साऱ्या खात्याचे आयुष्य वाढवते. ज्याच्या घरात तारखा लक्षात ठेवणारे कुणी आहे त्याला हा प्रकार चालतो. आपल्या काका-काकूंच्या दोन प्रवासांत दोन वर्षांहून जास्त अंतर पडलेले आहे, म्हणजे दोन्ही मुदती चुकल्या असत्या.

तिसरा प्रकार मुदतच नसलेला. युनायटेडने ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या माइलेजप्लस योजनेतली मुदत काढून टाकली. काका-काकूंचे वरचे तिन्ही प्रवास या योजनेच्या क्रमांकावर झाले असते, तर ते माइल्स आजही खात्यात असते. युनायटेडच्या विमानात ते एकदाही बसले नाहीत, हे लक्षात घ्या. बसण्याची गरजही नव्हती.

मात्र या निवडीला एक अट आहे. भागीदार योजनेत किती माइल्स मिळतील हे तिकिटाच्या वर्गाच्या अक्षरावर ठरते. इकॉनॉमी म्हटले की सगळे सारखे, असे नसते. तिच्यातच दहा-बारा अक्षरे असतात आणि तिकिटावर त्यांतले एक छापलेले असते. निवडलेल्या योजनेच्या संकेतस्थळावर प्रत्येक भागीदार कंपनीचा तक्ता असतो. त्यात त्या अक्षरापुढे अंतराच्या किती टक्के माइल्स मिळतील ते दिलेले असते. कुठे शंभर, कुठे पन्नास, कुठे पंचवीस, आणि अगदी स्वस्त अक्षरांना कधी चक्क शून्य. तिकीट काढण्याआधी एजंटाला वर्गाचे अक्षर विचारावे आणि तक्ता पाहावा. शून्य दिसले तर त्या प्रवासापुरता त्या कंपनीचा स्वतःचा क्रमांक घालणे शहाणपणाचे. एअर इंडियाने २०२४ मध्ये आपल्या योजनेत अंतराऐवजी खर्च केलेल्या रकमेवर पॉइंट द्यायला सुरुवात केली. तिथे स्वस्त तिकिटालाही काहीतरी मिळते, भाड्याच्या मानाने. आणि तिकिटावर Operated by असे शब्द दिसले तर नीट वाचा. विकणारी कंपनी एक आणि उडवणारी दुसरी असते. तक्ता सहसा उडवणारीचा पाहायचा.

यापुढची अडचण खास आपल्याकडची आहे. मराठी माणसाच्या पासपोर्टवर पुष्कळदा नावाच्या रकान्यातच वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव जोडलेले असते. तिकीट पासपोर्टप्रमाणे निघते, आणि सभासद खाते उघडताना मुलगा घाईत आईचे नुसते नाव-आडनाव घालतो. दोन्ही नावे जुळली नाहीत की माइल्स जमा होत नाहीत. खाते उघडताना पासपोर्ट समोर ठेवून नाव तसेच्या तसे घालावे.

क्रमांक खरोखर लागला की नाही हे बोर्डिंग पासवर दिसते. तिथे कंपनीची दोन अक्षरे आणि पुढे सभासद क्रमांक असतो. युनायटेडसाठी UA, एअर इंडियासाठी AI, सिंगापूरसाठी SQ. एजंटाच्या संगणकात जुने कार्ड नोंदलेले असेल तर जुनाच क्रमांक उमटतो. काउंटरवर तिथल्या तिथे बदलून मागावा, देतात. त्यातूनही राहिले, तर बोर्डिंग पास फेकू नये. तो आणि तेरा आकडी तिकीट क्रमांक यांच्या आधारे मागाहून दावा करता येतो, फक्त मुदतीच्या आत. तिकिटाचे पहिले तीन आकडे कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८, लुफ्तान्साचे २२०. आमच्याकडे लोक बोर्डिंग पास आठवण म्हणून देवघरात ठेवतात. या एका बाबतीत ती सवय फार उपयोगी ठरली आहे.

मुदत नाही म्हणून वीस वर्षे साठवत बसावे, असेही नाही. किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या सभासदांचे पॉइंट नुसते आकडे होऊन राहिले. कंपन्या गटही बदलतात. स्टार अलायन्सच्या पाच संस्थापकांपैकी एक असलेली एसएएस सप्टेंबर २०२४ मध्ये स्कायटीममध्ये गेली. आणि माइल्सवर मिळणाऱ्या तिकिटाची किंमत कंपनी केव्हाही वाढवू शकते. शिवाय त्या तिकिटावर कर व शुल्क रोखीने भरावे लागतात आणि सुट्टीच्या दिवसांत जागा क्वचितच मिळते. एका बाजूचे तिकीट निघण्याइतके झाले की ते काढून टाकावे, असे माझे मत.

नवरा-बायकोची खाती वेगळी असतात, हाही एक पेच. युनायटेडने मार्च २०२४ पासून पाच जणांपर्यंतचे माइल्स एकत्र करण्याची सोय दिली आहे. पण असे एकत्र केलेले माइल्स युनायटेडच्याच विमानांवर चालतात, एअर इंडियावर नाही. नागपूर-दिल्लीचे तिकीट हवे असेल तर आपापल्या खात्यातूनच काढावे.

काका-काकूंची नवी खाती आता उघडली आहेत. नावे पासपोर्टप्रमाणे घातली, क्रमांक मुलाला आणि नागपूरच्या एजंटाला कळवले. राहिले सिंगापूरचे माणशी २,४०० माइल्स. ते ऑक्टोबर २०२७ अखेर जातील आणि तेवढ्यावर विमानाचे तिकीट येत नाही. त्या कंपनीचे क्रिसशॉप नावाचे दुकान आहे, तिथे माइल्स देऊन वस्तू घेता येतात. लेकीला सांगितले आहे, पुढच्या वर्षी तिथूनच काहीतरी घेऊन टाक.