पाठपोट कार्ड आणि टाचणीचं भोक

इंदूरच्या मल्हारगंजमध्ये एका छोट्या छापखान्यात घरगुती डबे देणाऱ्या एका वहिनींची कार्डं छापली जात होती. पुढे मराठी, मागे हिंदी आणि दोन्ही बाजूंना कडेपासून तीन मिलीमीटर आत बारीक लाल चौकट. पाठपोट छपाईत सगळ्यात जास्त त्रास देणारी चीज म्हणजे ही चौकट. कार्ड कापायचं ते पुढच्या बाजूच्या खुणा धरून. मागची छपाई एक मिलीमीटर सरकलेली असली, तर पुढे चौकट बरोबर मधोमध दिसते आणि मागे एकीकडे दोन, दुसरीकडे चार मिलीमीटर जागा उरते. गिऱ्हाईक म्हणतं, "वाकडं कापलंय." पण पातं एका वेळी एकाच बाजूशी इमान राखू शकतं. चूक कापण्याआधीच झालेली असते.

म्हणून ऑपरेटरनं आधी एकच शीट दोन्ही बाजूंनी काढली. तीनशे जीएसएमच्या कार्डातून उजेडात पलीकडचं नीट दिसत नाही. त्यानं चारही कोपऱ्यांतल्या फुल्यांच्या मध्यावर टाचणी टोचली आणि शीट उलटून भोकं पाहिली. चारही भोकं मागच्या फुलीपासून एकाच दिशेला होती. म्हणजे मागची प्रतिमा सरकली होती. मशीनमध्ये आधी शिरलेल्या कडेकडच्या भोकांचं अंतर सेटिंगमध्ये उलट दिशेनं भरलं.

दुसऱ्या शीटवर त्या कडेकडची दोन्ही भोकं बरोबर फुलीवर आली, पण शेपटाकडची दोन एक मिलीमीटर आत राहिली. हे नुसतं सरकवून सुटणारं नव्हतं. टोनर पक्का करणाऱ्या उष्णतेनं कागदातला ओलावा उडतो आणि पहिली बाजू छापताच शीट किंचित आक्रसते. दोन फुल्यांत चारशे मिलीमीटर अंतर असेल, तर एक मिलीमीटर म्हणजे पाव टक्का. मागची बाजू ९९.७५ टक्क्यांवर घेतली आणि भोकं जुळली. शेपटाकडची भोकं आडवी सरकली असती, तर मात्र आधी कागद काटकोनात आहे का ते तपासावं लागलं असतं.

हाताने शीट उलटताना पुस्तकाचं पान उलटतो तशी उलटायची, म्हणजे तीच कड पुन्हा आधी आत जाते. कापतानाही थप्पीत सगळ्या शीटांचं तोंड वर हवं आणि तीच कड टेकवलेली हवी. थप्पी लहान ठेवलेली बरी, कारण जाड थप्पीत वरच्या आणि खालच्या कार्डांच्या मापात फरक पडतो.

एवढं करूनही अर्ध्या मिलीमीटरचा फरक राहू शकतो. म्हणून पाठपोट कार्डाला चौकट नकोच. हवीच असेल तर ती कडेपासून पाच मिलीमीटर आत घ्या आणि सगळा गठ्ठा छापायच्या आधी टाचणी टोचलेली शीट मागून बघा.