फेसाळलेलं तेल आणि चाळीस सेकंद

धरून चला, तालुक्याच्या गावात एक ताई लाकडी घाणा चालवतात. शेंगदाणा, करडई, थोडं खोबरेल. दुकानाच्या जोडीला त्यांनी पॉडकास्ट सुरू केलंय आणि आज नवा भाग चढवायचाय. बावीस मिनिटांचं बोलणं तयार आहे. मग त्या फोन हातात घेतात आणि लिहितात, ‘नमस्कार मंडळी, आमच्या पॉडकास्टचा नवीन भाग आपल्या भेटीला आला आहे, नक्की ऐका.’

गाडी इथेच अडते. इन्स्टाग्रामवर कॅप्शन २२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण फीडमध्ये सुरुवातीची ओळ-दोन ओळीच दिसतात. उरलेलं कुणी मुद्दाम उघडलं तरच. शिवाय काना, वेलांटी, मात्रा ही यंत्राच्या हिशेबी स्वतंत्र अक्षरं. ‘किती’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरी वाटतो, तिथे तो चार मोजला जातो. नमस्कार-चमत्कारातच जागा संपते.

मग पहिल्या ओळीत काय लिहायचं? भागातलीच गोष्ट. या भागात ताईंनी सांगितलंय की एका गिऱ्हाइकाने बाटली परत आणली, कारण भजी सोडताच तेल फेसाळलं. घाण्याच्या तेलात बियांमधला चिकट अंश थोडा उरतो, रिफाइंड तेलातून तो काढून टाकलेला असतो. ओला पदार्थ पडला की पाण्याची वाफ होते आणि त्या अंशामुळे तिचे बुडबुडे लवकर फुटत नाहीत. याउलट तेच तेल पुन्हापुन्हा तापवून वापरलं की येणारा फेस खाली बसत नाही. ते तेल टाकून द्यायचं. म्हणजे कॅप्शन असं होईल:

‘तेल कढईत फेसाळलं म्हणून बाटली परत आली. तेल खराब नव्हतं.
मग फेस आला कशाने? आणि कोणता फेस दिसला की तेल टाकून द्यायचं? कढई पुढ्यात ठेवून सांगितलंय. २२ मिनिटं.’

एवढं पुरे. उत्तर कॅप्शनमध्ये देऊन टाकलं तर भाग ऐकायचं कारण उरत नाही.

आता ध्वनीची झलक. चाळीस सेकंद खूप झाली. सुरुवातीचं संगीत आणि स्वतःची ओळख दोन्ही वगळा. भजी तेलात पडल्याचा चर्र आवाज, त्यावर ‘हे बघून ते म्हणाले, ताई, भेसळ आहे’ हे वाक्य, आणि कारण सांगायच्या अलीकडे कापा. कापताना शेवटचा शब्द अर्धा तुटत नाही ना, हे हेडफोन काढून फोनच्या स्पीकरवर ऐका. घाण्याची खोल घरघर हेडफोनवर छान वाटते, पण फोनचा छोटा स्पीकर खालचे सूर नीट वाजवत नाही आणि तिची नुसती खरखर होते. इन्स्टाग्रामच्या पोस्टमध्ये नुसती ध्वनिफीत टाकता येत नाही, म्हणून एका फोटोवर ती चढवून व्हिडिओ करावा लागतो. बोललेले शब्दही त्यावर मोठ्या टायपात उमटवा. पुष्कळजण आवाज बंद ठेवूनच बोट सरकवत असतात.

सगळ्यात जास्त घोटाळा लिंकांचा. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. ती प्रोफाइलवर किंवा स्टोरीतल्या लिंक स्टिकरवर ठेवावी लागते. व्हॉट्सॲपवर मात्र दाबली की उघडते, आणि गावातलं गिऱ्हाईक तिथेच असतं. तिथे मी यूट्यूबची लिंक पहिली देईन, कारण ऐकायला खातं लागत नाही. शेअर करताना ‘Start at’वर खूण केली की लिंकेत वेळ जोडली जाते. झलक १४ मिनिटं १० सेकंदांवर संपत असेल तर शेवटी `t=850` दिसेल, म्हणजे ८५०वा सेकंद. झलक जिथे तुटली तिथूनच बोलणं सुरू होतं, माणसाला शोधाशोध करावी लागत नाही. खाली स्पॉटिफाय आणि ॲपल पॉडकास्ट्सच्या लिंका द्या, पण त्या त्या भागाच्या. अख्ख्या मालिकेची लिंक दिली तर पुढच्या आठवड्यात तिथे वरती दुसराच भाग असतो.

भाग चढवल्याबरोबर पोस्ट करण्याची घाई करू नका. तो सगळ्या ॲपवर एकाच क्षणी दिसत नाही. कुठे काही मिनिटं, कुठे काही तास लागतात. आणखी एक हमखास चूक म्हणजे आपण लॉगिन केलेल्या पानाचा पत्ता उचलून चिकटवायचा. आपल्याला तो उघडतो, दुसऱ्याला पासवर्ड विचारतो. जुन्या पोस्टही अधूनमधून तपासा: गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं, त्या लिंकांवर आता भाग ऐकायला मिळत नाही.

तेव्हा ‘पोस्ट’ दाबण्याआधी मेसेज घरातल्याच दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवा, ज्यात तुमचं खातं नाही. प्रत्येक लिंक तिथे दाबून बघा, आणि मगच दुकानाच्या ग्रुपवर टाका.