न उच्चारलेल्या वाक्याचा पुरावा

'रमा कोणाशी तरी भांडली, पण कोणाशी ते सांगत नाही.' या वाक्यात दुसऱ्या 'कोणाशी'नंतर 'भांडली' हा शब्द नाही, तरी अर्थ पुरा कळतो. प्रश्नार्थक शब्द तेवढा ठेवून बाकीचे उपवाक्य गाळण्याच्या अशा रचनेला इंग्रजीच्या अभ्यासात जॉन रॉबर्ट रॉस या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने १९६९ मध्ये 'स्लूसिंग' हे नाव दिले. गाळलेला भाग ऐकणारा नुसता संदर्भावरून ताडतो, की त्या जागी पूर्ण वाक्यरचना असते आणि फक्त तिचा उच्चार होत नाही, हा खरा प्रश्न आहे.

रॉसने जर्मन भाषेतील विभक्तीकडे लक्ष वेधले. जर्मनमध्ये खुशामत करणे या अर्थाच्या 'श्मायखेल्न' क्रियापदाचे कर्म चतुर्थीत येते, तर स्तुती करणे या अर्थाच्या 'लोबेन'चे द्वितीयेत. म्हणून 'त्याला कोणाची तरी खुशामत करायची आहे, पण कोणाची ते ठाऊक नाही' असे म्हणताना शेवटी चतुर्थीचे 'वेम' लागते, स्तुतीच्या वाक्यात द्वितीयेचे 'वेन'. अदलाबदल केली की वाक्य बिघडते. अर्थाच्या दृष्टीने दोन्हीकडे कोणी एक माणूसच विचारला आहे, तेव्हा विभक्ती अर्थातून आलेली नाही. न उच्चारलेले क्रियापद तिथे असेल, तर मात्र तिचा उलगडा होतो.

ही विभक्ती आधीच्या 'कोणीतरी'वरून उचलली असेल, असा आक्षेप घेता येतो. पण जेसन मर्चंट यांनी २००१ मध्ये आणखी एक संबंध दाखवला. इंग्रजीच्या पूर्ण प्रश्नात 'विथ' हे शब्दयोगी मागे ठेवून 'हू' एकटे पुढे आणता येते आणि स्लूसिंगमध्येही एकटे 'हू' चालते. जर्मनच्या पूर्ण प्रश्नात 'मिट'ला मागे सोडता येत नाही, म्हणून तोकड्या प्रश्नातही 'मिट वेम' असेच म्हणावे लागते. जो नियम उच्चारलेल्या वाक्याला लागू, तोच न उच्चारलेल्यालाही लागतो. याला काही भाषांत अपवाद असल्याचे पुढे मांडले गेले आहे.

क्रियापदबंधाचा लोपही हेच सुचवतो. 'मेरीने कोणते पुस्तक वाचले ते माहीत आहे, आणि कोणते वाचले नाही तेही' या अर्थाच्या इंग्रजी वाक्यात दुसऱ्या भागाचा शेवट 'शी डिडंट' एवढ्यावरच होतो. 'कोणते' हे पद 'वाचणे' या क्रियेचे कर्म असून पुढे आलेले आहे. ते जिथून निघाले ती कर्माची जागा गाळलेल्या भागातच असली पाहिजे.

अडचण रॉसनेच दाखवली होती. 'बाल्कनमधील एखादी भाषा बोलणारा माणूस त्यांना नेमायचा आहे, पण कोणती ते आठवत नाही' असे इंग्रजीत म्हणता येते. मात्र तोच प्रश्न पूर्ण विचारला तर वाक्य अशुद्ध ठरते, कारण विशेषण-उपवाक्यातून प्रश्नार्थक शब्द बाहेर काढता येत नाही. उच्चार न झाल्याने दोष झाकला जातो, असे एक उत्तर आहे. लपलेले वाक्य 'ती भाषा कोणती आहे' इतके लहान असावे, असे दुसरे. पीटर क्युलिकव्हर आणि रे जॅकेंडॉफ मात्र यावरून लपलेली रचना मुळातच नाही, असे मानतात.